दाढ काढल्यावर ‘थुंकू नका’ असं का सांगतात? पहिल्या २४ तासांचा हिशेब

दाढ काढून झाली की दवाखान्यात हातात एक कागद ठेवतात. चूळ भरू नका, थुंकू नका, स्ट्रॉ वापरू नका, गरम काही खाऊ-पिऊ नका. घरी येईपर्यंत तो खिशात चुरगळतो. खरं तर यातली बहुतेक वाक्यं एकाच गोष्टीसाठी लिहिलेली असतात, ती म्हणजे दाढेच्या खड्ड्यात तयार होणारी रक्ताची गुठळी.

दाढ निघाली की हाडात तिच्या मुळांच्या आकाराचा खड्डा उरतो. त्यात रक्त साठून गोठतं आणि गुठळी बनते. तीच खालच्या उघड्या हाडाचं आणि नसांच्या टोकांचं झाकण असते, आणि पुढे तिच्याच आधाराने नवी पेशीजाल वाढते. पण पहिल्या दिवशी ती जेलीसारखी मऊ असते. जोरात थुंकताना किंवा स्ट्रॉने ओढताना तोंडात दाब बदलतो आणि ती सुटू शकते. चूळ भरली तर वाहून जाऊ शकते. म्हणून लाळ गिळायची. चूळ भरावीच असं वाटलं, तर पाणी तोंडात घेऊन मान खाली करून आपोआप गळू द्यायचं.

समजा, सकाळी ११ वाजता खालची दाढ काढली. डॉक्टरांनी गॉझचा बोळा ठेवून दात दाबून धरायला सांगितलं. हा बोळा साधारण ३० ते ४५ मिनिटं तसाच दाबून ठेवायचा. दर पाच मिनिटांनी काढून ‘रक्त थांबलं का’ हे पाहण्याची सवय सगळ्यात घातक. प्रत्येक वेळी बोळ्याला चिकटलेली कोवळी गुठळी सोबत उखडली जाते आणि रक्त पुन्हा सुरू होतं.

दुपारी दोन-तीनच्या सुमारास बधिरपणा उतरू लागतो. वेदनाशामक गोळी त्याआधीच, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घेतलेली बरी. ओठ बधिर असेपर्यंत खाऊ नका. आपलाच गाल किंवा ओठ चावला तरी कळत नाही. नंतर थंड किंवा कोमट दही-भात, मऊ खिचडी दुसऱ्या बाजूने खाता येते. आइस्क्रीम चालतं, पण चमच्याने. गालावर बाहेरून कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं ठेवायचा, तेवढाच वेळ काढायचा. सूज येण्याआधी, म्हणजे पहिल्याच दिवशी, याचा उपयोग जास्त.

संध्याकाळी पुन्हा रक्त दिसलं तर?

हे अनेकदा होतं आणि त्याचं कारण इंजेक्शनमध्येच असतं. बधिर करण्याच्या औषधात बहुधा अॅड्रिनलिन मिसळलेलं असतं. ते रक्तवाहिन्या आकसून ठेवतं. काही तासांनी त्याचा परिणाम संपला की वाहिन्या पुन्हा फुलतात आणि खड्डा झिरपू लागतो. लाळ गुलाबी दिसणं किंवा उशीला थोडा डाग पडणं नेहमीचं आहे. थेंबभर रक्त लाळेत मिसळलं तरी तोंड भरल्यासारखं दिसतं.

पण रक्त साठत असेल तर आडवे न होता ताठ बसा. स्वच्छ गॉझची जाड घडी पाण्याने ओली करून खड्ड्यावरच ठेवा आणि घड्याळ लावून अर्धा तास घट्ट दाबा, मध्ये पाहू नका. दोनदा असं करूनही तोंड रक्ताने भरत असेल, तर दंतवैद्यांना फोन करा. रात्री कोणी भेटत नसेल तर जवळच्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठा. झोपताना दोन उशा घेतल्या की झिरपणं कमी होतं.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. दाढेतलं रक्त दाबून थांबवता येतं; हृदयासाठी किंवा मेंदूसाठी दिलेली गोळी थांबवण्याचा धोका मोठा असू शकतो. उलट, दुखतं म्हणून घरातली अॅस्पिरिन मनाने घेणंही टाळा.

बिडी-सिगारेट, तंबाखू, मिश्री यांना पहिल्या दिवशी पूर्ण रजा हवी. पुढचे काही दिवसही ती लांबवता आली तर उत्तम. खड्ड्यात लवंगेचा बोळा किंवा हळद कोंबण्याचा आग्रह घरातल्या वडीलधाऱ्यांकडून होतो, त्यांना प्रेमाने नाही म्हणा.

चोवीस तास उलटले की नियम बदलतो. आता ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून, जेवणानंतर हलकेच गुळण्या करायच्या. खड्ड्यावर दिसणारा पांढरट-पिवळसर थर बहुधा पू नसतो, तो भरत येणाऱ्या जखमेचा भाग असतो. तो टूथपिकने खरवडू नका.

गुठळी गेलीच तर ते पहिल्या दिवशी कळेलच असं नाही. दुखणं रोज कमी व्हायला हवं. ते दुसऱ्या ते चौथ्या दिवशी अचानक वाढलं, कानाकडे ठणका गेला, तोंडाला वास येऊ लागला आणि खड्डा रिकामा दिसला, तर तो ‘ड्राय सॉकेट’ असू शकतो. खालच्या अक्कलदाढेनंतर आणि धूम्रपान करणाऱ्यांमध्ये तो जास्त आढळतो. त्यावर दुकानातून आणलेली अँटिबायोटिक सहसा उपयोगी पडत नाही. दंतवैद्य खड्डा धुऊन त्यात औषधी पट्टी भरतात आणि ठणका बराच उतरतो.