घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे

नाशिकहून पहाटे निघालेल्या चालकाला कसारा घाटात डुलकी लागते, तेव्हा घरचे म्हणतात, ‘रात्री तर चांगला घोरत होता!’ पण मोठ्याने घोरणे गाढ झोपेची खूण नव्हे. नारळपाणी जोरात ओढले की भिजलेली कागदी नळी आतून चिकटते. झोपेत काहींचा सैलावलेला घसा श्वास ओढताना तसाच मिटतो (निद्राश्वासरोध). छाती हलत राहते, हवा मात्र 10 सेकंद किंवा अधिक थांबते. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो आणि घसा घुर्रकन उघडतो. तीव्र आजारात हे तासाला 30 किंवा अधिक वेळा घडते. ही जाग आठवत नाही. उरते दिवसाची पेंग आणि तोंडाने श्वास घेतल्यामुळे सकाळची कोरड. घोरणे मध्येच थांबून धापेसह सुरू होत असेल, तर डॉक्टरांकडून झोपेची तपासणी करून घ्या. पेंग येत असताना घाटात गाडी चालवू नका.