हजार पेशी पुरेशा असतात का?

कांद्याच्या मुळाच्या टोकाशी, साधारण पहिल्या एक-दोन मिलिमीटरमध्ये, सतत विभाजन पावणाऱ्या पेशींचा भाग असतो. तिथल्या पेशींपैकी शेकडा किती पेशी एखाद्या क्षणी सूत्री विभाजनात होत्या, हे सांगणारा आकडा म्हणजे मायटॉटिक इंडेक्स, अर्थात विभाजन निर्देशांक. विभाजनात सापडलेल्या पेशींच्या संख्येला मोजलेल्या एकूण पेशींनी भागायचे आणि शंभराने गुणायचे, एवढेच त्याचे गणित. एखादे कीटकनाशक किंवा कारखान्याचे सांडपाणी पेशींच्या वाढीला मारक आहे का, हे तपासण्यासाठी तो वापरतात. कांदा त्यासाठी सोयीचा आहे, कारण त्याची गुणसूत्रे सोळाच असतात आणि ती चांगली मोठी दिसतात.

काचपट्टी बिघडलेली असेल तर पुढचे कोणतेही गणित ती सुधारू शकत नाही. कांद्याचा तळ पाण्याला टेकवून ठेवला की दोन-तीन दिवसांत मुळे फुटतात. ती कापून तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ॲसेटिक आम्ल यांच्या मिश्रणात दिवसभर ठेवतात. पेशी होत्या त्या अवस्थेतच तिथे थांबतात. मग साठ अंश सेल्सिअसच्या सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात काही मिनिटे ठेवल्यावर पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारा थर विरघळतो. ॲसिटोकार्मिन किंवा ॲसिटोऑर्सीनने रंगवल्यावर फक्त टोकाचा गडद भाग ठेवून बाकीचे मूळ काढून टाकतात, वर कव्हरस्लिप ठेवतात आणि टिपकागदातून अंगठ्याने सरळ खाली दाबतात. अंगठा जरा जरी सरकला तरी पेशी गुंडाळल्या जातात. आम्लात मूळ कमी वेळ राहिले तर पेशींचे थर एकावर एक राहतात आणि खालच्या थरातले केंद्रक मोजताच येत नाही. टोकाच्या वरचा, नुसता लांब होत जाणारा भाग काचेवर राहून गेला, तर विभाजन न होणाऱ्या लांबट पेशी भाजकात शिरतात आणि निर्देशांक उगाचच खाली येतो.

मोजताना सगळ्यात मोठी अडचण सीमेवरच्या पेशींची असते. मध्यावस्था आणि पश्चावस्था ओळखायला सोप्या आहेत. पूर्वावस्थेची सुरुवात मात्र नेमकी कुठे धरायची, यावर एकाच काचपट्टीवर दोन निरीक्षकांचे उत्तर वेगळे येऊ शकते. म्हणून नियम आधी लिहून ठेवावा लागतो. उदाहरणार्थ, केंद्रकात सुटे धागे स्पष्ट दिसले तरच पूर्वावस्था धरायची, आणि अंत्यावस्थेत मधली भिंत पूर्ण झाली नसेल तोवर ती एकच विभाजित पेशी मानायची. नियम कोणता आहे यापेक्षा तो सर्व काचपट्ट्यांना सारखाच लावला जाणे महत्त्वाचे. काचपट्टी कोणत्या नमुन्याची आहे हे मोजणाऱ्याला माहीत नसले तर आणखी चांगले. आणि ज्या भागात गुणसूत्रे सुंदर दिसतात तिथेच भिंग नेऊन थांबवण्याचा मोह टाळायचा. ठरलेल्या ओळीने पट्टी सरकवत येईल ते क्षेत्र मोजायचे.

आता किती पेशी मोजायच्या? समजा, मुळाचा खरा निर्देशांक ८ टक्के आहे. शंभर पेशी मोजल्या तर नेमक्या आठच विभाजनात सापडतील असे नाही. नशिबाने पाच सापडतील, कधी बारा. नमुन्याच्या गणितानुसार अशी मोजणी शंभरपैकी सुमारे पंच्याण्णव वेळा ८ च्या आसपास ५ टक्क्यांच्या आत येते, म्हणजे साधारण ३ ते १३ यांच्या दरम्यान. एवढ्या सैल आकड्याचा उपयोग फारसा नाही. हजार पेशी मोजल्या तर हे अंतर सुमारे १.७ टक्क्यांवर येते, दोन हजारांत १.२ वर. अंतर निम्मे करायचे तर पेशी चौपट मोजाव्या लागतात, त्यामुळे मेहनत वाढत जाते आणि फायदा आटत जातो.

प्रयोगात सहसा दोन निर्देशांकांची तुलना असते. साध्या पाण्यातल्या मुळांचा निर्देशांक ८ आणि रसायनातल्या मुळांचा ६ आला, दोन्हीकडे हजार-हजार पेशी मोजलेल्या आहेत. हा २ टक्क्यांचा फरक खरा वाटतो, पण त्यातली अनिश्चितताच सुमारे २.२ टक्के आहे. तेव्हा तो योगायोगही असू शकतो. दोन्हीकडे दोन-दोन हजार पेशी मोजल्यावरही हाच फरक राहिला, तर अनिश्चितता १.६ होते आणि फरकाला आधार मिळतो. म्हणजे ‘किती पेशी’ याचे उत्तर केवढा फरक ओळखायचा आहे यावर ठरते. निर्देशांक १४ वरून ५ वर घसरला असेल, तर पाचशे पेशीही पुरतात.

इथपर्यंतचा हिशेब मात्र एक गोष्ट गृहीत धरतो, आणि ती बहुधा खरी नसते: प्रत्येक पेशी बाकीच्यांपासून स्वतंत्र आहे. एकाच मुळातल्या पेशी एकाच तापमानात, एकाच वेगाने वाढलेल्या असतात. शेजारचे मूळ जोमदार असेल, हे मरगळलेले. एक कल्पित उदाहरण घेऊ. पाच मुळे, प्रत्येकात ४०० पेशी, आणि विभाजनात सापडल्या अनुक्रमे ४४, २८, ३५, २१ आणि ३२. एकूण दोन हजारांत १६०, म्हणजे ८ टक्के. सगळ्या पेशी एका ढिगात टाकल्या तर अनिश्चितता १.२ टक्के दिसते. पण मुळे वेगवेगळी पाहिली तर निर्देशांक ११, ७, ८.७५, ५.२५ आणि ८ असे विखुरलेले आहेत. या विखुरण्यावरून काढलेली अनिश्चितता २.६ टक्के, म्हणजे दुपटीहून जास्त येते. खरी तीच.

यातून निघणारे उत्तर अनेकांना उलटे वाटेल. त्याच पाच मुळांत दहापट पेशी, म्हणजे वीस हजार, मोजल्या तरी अनिश्चितता २.१ च्या आसपासच अडकून राहते, कारण मुळामुळांतला फरक मोजण्याने नाहीसा होत नाही. त्याऐवजी तेवढ्याच दोन हजार पेशी दहा मुळांत, प्रत्येकी २००, अशा वाटल्या तर ती सुमारे १.८ वर येते. हीच गोष्ट कांद्यांनाही लागू आहे: दहाही मुळे एकाच कांद्याची असतील, तर निष्कर्ष त्या एका कांद्यापुरता राहतो. म्हणून अहवालात ‘हजार पेशी मोजल्या’ एवढे लिहून भागत नाही. किती कांदे, प्रत्येकाची किती मुळे, प्रत्येक मुळात किती पेशी, हे तिन्ही आकडे द्यावे लागतात.

पेशी भरपूर मोजल्या तरी एक प्रश्न या आकड्याच्या आवाक्याबाहेर राहतो. अल्बर्ट लेव्हान यांनी १९३८ मध्ये कांद्याच्या मुळांवर कोल्चिसीनचा परिणाम दाखवला. हे द्रव्य गुणसूत्रे ओढून नेणारे तंतू बनू देत नाही. पेशी विभाजनात शिरतात आणि मध्यावस्थेत अडकतात. मग पहिल्या काही तासांत निर्देशांक चढतो, जणू मूळ जोरात वाढते आहे, आणि प्रत्यक्षात विभाजन ठप्प झालेले असते. ही गफलत ओळखायची तर पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था आणि अंत्यावस्था यांची मोजणी वेगवेगळी लिहावी लागते. मध्यावस्थेचा ढीग आणि पश्चावस्था जवळजवळ शून्य, असा तक्ता दिसला की चढलेल्या निर्देशांकाचा अर्थ उलटा लावायचा.