वेग वाढला की हवा जड होते : सायकल, पोहणे आणि धावण्याच्या बुटांमागचे भौतिकशास्त्र

जून २०२२ मध्ये वडोदरा येथे झालेल्या राष्ट्रीय खुल्या मास्टर्स अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत हरियाणाच्या १०५ वर्षांच्या रामबाई यांनी शंभर मीटर अंतर ४५.४० सेकंदांत पार केले. उसेन बोल्टने २००९ मध्ये बर्लिनला हेच अंतर ९.५८ सेकंदांत कापले होते. रामबाईंचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे २.२ मीटर, तर बोल्टचा सुमारे १०.४ मीटर होता. म्हणजे बोल्टचा वेग पावणेपाच पटींच्या आसपास होता. हवेने त्याला केलेला विरोध मात्र पावणेपाच पट नव्हता. दोघांचे आकारमान सारखे मानले, तरी तो सुमारे बावीस पट भरतो.

याचे कारण असे की हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की धावपटूला दर सेकंदाला दुप्पट हवा बाजूला सारावी लागते आणि तीही दुप्पट वेगाने. त्यामुळे रोध चौपट होतो. कोणते क्रीडासाहित्य केव्हा उपयोगी पडेल, याचे उत्तर बरेचसे या नियमात दडलेले आहे.

सायकलचे उदाहरण घेऊ. स्वार आणि सायकल यांचे एकत्रित वस्तुमान ७५ किलो आहे. टायर रस्त्यावर दबतो आणि पुन्हा फुगतो, त्यात काही ऊर्जा उष्णतेत जाते. साध्या टायरसाठी हा रोध एकूण वजनाच्या ०.००६ पट धरल्यास तो सुमारे ४.४ न्यूटन येतो आणि वेग बदलला तरी जवळपास तेवढाच राहतो. ताठ बसलेल्या स्वारावरील हवेचा रोध मात्र सेकंदाला ३ मीटर वेगाला सुमारे २.२ न्यूटन, तर १० मीटर वेगाला सुमारे २४ न्यूटन असतो. ताशी १५ किलोमीटरच्या आसपास दोन्ही रोध समान होतात.

म्हणून शाळेत संथपणे सायकलने जाणाऱ्याने आधी टायरमधील हवा तपासावी. महागड्या निमुळत्या हेल्मेटचा त्याला फारसा लाभ नाही. शर्यतीतील स्वाराने मात्र हँडलवर वाकून हवेला सामोरे जाणारे क्षेत्रफळ कमी करावे. येथे एक मर्यादा लक्षात घ्यावी. वर्ग करायचा तो हवेच्या सापेक्ष वेगाचा. समोरून जोराचा वारा असेल, तर हळू जाणाऱ्या स्वारालाही वाकण्याचा फायदा होतो.

पोहताना हाच नियम अधिक कठोर होतो, कारण पाण्याची घनता हवेच्या आठशे पटींहून अधिक आहे. सेकंदाला २ मीटर वेगाने पोहणाऱ्या शरीराला होतो तेवढा रोध त्याच आकाराच्या वस्तूला हवेत व्हायचा असेल, तर तिला ताशी सुमारे २०० किलोमीटर वेगाने जावे लागेल. त्यामुळे पाय खाली बुडाले की पाण्याला सामोरे जाणारे क्षेत्रफळ वाढते आणि जलतरणपटूची दमछाक होते. पोशाखाचा प्रभाव २००९ च्या रोम येथील जागतिक स्पर्धेत दिसला. शरीर आवळून धरणारे आणि त्याला तरंगण्यास मदत करणारे पॉलियुरेथेनचे पोशाख तेथे सर्रास वापरले गेले आणि ४३ विश्वविक्रम मोडले. जानेवारी २०१० पासून असे पोशाख बाद झाले आणि केवळ विणलेल्या कापडाच्या पोशाखांना परवानगी उरली.

खिळ्यांच्या बुटांचे काम याच्या अगदी उलट आहे. घर्षण नेहमी गतीला विरोध करते, असे अनेक विद्यार्थी उत्तरपत्रिकेत लिहितात. धावपटूच्या बाबतीत ते चुकते. त्याचा पाय जमिनीला मागे ढकलतो आणि स्थितिक घर्षण त्याला पुढे लोटते. धाव सुरू करताना पाय ७०० न्यूटन बलाने खाली आणि ४९० न्यूटन बलाने मागे रेटत असेल, तर न घसरण्यासाठी घर्षणांक किमान ०.७ हवा. कोरड्या, स्वच्छ धावपट्टीवर रबरी तळवा तो देऊ शकतो. पट्टी ओली किंवा धुळकट असेल, तर पाऊल मागे सरकते. खिळे पृष्ठभागात रुतून केवळ घर्षणावरचे हे अवलंबित्व कमी करतात.

मात्र लांब खिळा म्हणजे अधिक वेग, असे समीकरण नाही. कृत्रिम धावपट्टीवरील धावण्याच्या शर्यतींत खिळ्याची कमाल लांबी ९ मिलिमीटर ठरवलेली आहे. खिळा गरजेपेक्षा खोल रुतला, तर तो उपटून काढण्यात बळ खर्च होते. पाऊल मुळात घसरतच नसेल, तर अधिक लांब खिळा घसरण आणखी कमी करू शकत नाही.