प्रयुक्ताला काय कळलं?

प्रयोगशाळेतलं मन : भाग ७

मागच्या भागात आपण यादृच्छिक वाटणी पाहिली. ऐंशी विद्यार्थी चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटले, की स्वभाव, घरची परिस्थिती, आदल्या रात्रीची झोप हे सगळं दोन्हीकडे साधारण सारखं पडतं. मग शेवटी जो फरक दिसतो तो आपण केलेल्या बदलामुळेच आला, असं म्हणता येतं. मात्र या विधानात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. आपण जो बदल घडवायला गेलो तो प्रयुक्ताच्या मनात खरोखर घडला, आणि नेमका तोच घडला. आज हे गृहीत तपासून पाहू.

त्यासाठी एक प्रयोग मनाशी रचू. प्रश्न असा, की उदास माणूस धोका पत्करायला कचरतो का? चाळीस विद्यार्थ्यांना पाच मिनिटांची चित्रफीत दाखवायची. इस्पितळातली खाट, शेजारी बसलेला लहान मुलगा, आणि त्याच्या डोळ्यांदेखत वडिलांचा मृत्यू. उरलेल्या चाळीस जणांना तेवढ्याच लांबीचा ठिबक सिंचनावरचा माहितीपट. त्यानंतर प्रत्येकापुढे एक निवड ठेवायची : खात्रीचे १०० रुपये घ्या, नाहीतर नाणं उडवा. छापा पडला तर २५०, काटा पडला तर काही नाही.

समजा, दोन्ही गटांच्या निवडीत काहीच फरक आला नाही. याचा अर्थ काय लावायचा? उदासीचा धोक्याशी संबंध नाही, हा एक अर्थ. चित्रफितीने कोणी उदासच झालं नाही, हा दुसरा. पहिला अर्थ सिद्धान्ताबद्दल आहे, दुसरा चित्रफितीबद्दल. यातला कोणता खरा हे कळावं म्हणून चित्रफितीनंतर एक प्रश्न घातला जातो : ‘या क्षणी तुम्हाला किती उदास वाटतंय? १ ते ७ मध्ये सांगा.’ यालाच मॅनिप्युलेशन चेक म्हणतात. समजा, पहिल्या गटाची सरासरी ४.८ आली आणि दुसऱ्याची २.१. संशोधक हा आकडा लिहून ठेवतो, बदल यशस्वी झाला असं नमूद करतो आणि पुढे जातो.

इथे जरा थांबून प्रयुक्ताच्या खुर्चीत बसून पाहायला हवं. हा विद्यार्थी मानसशास्त्राच्याच वर्गातला आहे. आपल्याकडे प्रात्यक्षिकांसाठी वर्गमित्रच एकमेकांचे प्रयुक्त होतात. अमेरिकेत पहिल्या वर्षाचे विद्यार्थी गुणांच्या मोबदल्यात येतात. प्रयोगाला गृहीतक असतं हे त्याला ठाऊक आहे. त्याला मरणाचा प्रसंग दाखवला, लगेच ‘किती उदास वाटतंय’ असं विचारलं आणि त्यानंतर पैशांची निवड पुढे केली. उदासी आणि पैसा यांचा संबंध तपासला जातोय, हे ओळखायला त्याला वेळ लागत नाही. त्याने ५ वर खूण केली ती उदास वाटलं म्हणून, की ‘हे बघून उदास वाटायला हवं’ हे कळलं म्हणून? कागदावर दोन्ही खुणा अगदी सारख्याच दिसतात.

या प्रश्नाच्या मागे चिकाटीने लागलेला माणूस म्हणजे मार्टिन ऑर्न, संमोहनाचा अभ्यास करणारे मानसोपचारतज्ज्ञ. संमोहित माणूस जे करतो ते साधा माणूस करणार नाही, हे दाखवण्यासाठी त्यांना असं काम हवं होतं की जे शुद्धीवरचा माणूस काही वेळाने सोडून देईल. त्यांनी प्रयुक्ताला २००० कागदांचा गठ्ठा दिला. प्रत्येक पानावर २२४ बेरजा. घड्याळ काढून घेतलं आणि सांगितलं, ‘काम करत राहा, मी नंतर येईन.’ साडेपाच तासांनी हार मानली ती प्रयोगकर्त्याने! मग काम आणखी निरर्थक केलं. पान पूर्ण झालं की त्याचे कमीत कमी ३२ तुकडे करायचे आणि पुढचं घ्यायचं. तरीही लोक तासन्‌तास करत राहिले. नंतर विचारल्यावर कळलं, की हे काम त्यांना निरर्थक वाटलंच नव्हतं. ही आपल्या सहनशक्तीची परीक्षा असावी, असा अर्थ त्यांनी स्वतःच लावला होता.

यावरून ऑर्न यांनी १९६२ मध्ये मांडलं, की प्रयुक्त प्रयोगात निमूट बसून नसतो. आपल्याकडून काय अपेक्षित आहे, हे तो शोधत असतो आणि चांगला प्रयुक्त व्हायला बघतो. खोली, सूचना, उपकरणं, कानावर आलेल्या गोष्टी या सगळ्यांतून त्याला गृहीतकाचा सुगावा लागतो. अशा सुगाव्यांमुळे वागण्यात जो बदल होतो तो डिमांड इफेक्ट.

हा परिणाम किती दूर जाऊ शकतो हे ऑर्न आणि कार्ल शायबी यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दिसतं. त्या काळात संवेदन-वंचनाचे प्रयोग गाजत होते. माणसाला दिवसचे दिवस प्रकाश, आवाज, स्पर्श यांपासून दूर ठेवलं की त्याचं लक्ष विचलित होतं, भास होतात, असे निष्कर्ष येत होते. ऑर्न यांचा प्रश्न असा होता : यातलं किती वंचनामुळे, आणि किती प्रयोगाच्या थाटामुळे?

त्यांनी वीस तरुण घेतले, प्रत्येक गटात दहा. पहिल्या गटाचं स्वागत पांढऱ्या कोटातल्या प्रयोगकर्त्याने केलं. आजारांची माहिती विचारून घेतली. औषधं आणि उपकरणं मांडलेला एक ट्रे समोर ठेवला होता, त्यावर आणीबाणीचा ट्रे अशी चिठ्ठी. जबाबदारीतून मुक्त करणाऱ्या कागदावर सही घेतली. असह्य झालं तर दाबायचं बटणही दाखवलं. दुसऱ्या गटाला साध्या कपड्यातल्या माणसाने सांगितलं, की तुम्ही संवेदन-वंचनाच्या प्रयोगातला तुलनेचा गट आहात. त्यांच्यासाठी ना ट्रे होता, ना बटण. मग दोन्ही गटांतल्या प्रत्येकाला एकेकट्याने चार तास त्याच खोलीत बसवलं. खोलीत भरपूर उजेड, आरामशीर खुर्ची, टेबल, पाणी, सँडविच आणि करायच्या असल्या तर बेरजा. वंचन असं कोणाचंच झालं नाही.

तरीही नंतरच्या चाचण्यांमध्ये पहिला गट दुसऱ्यापेक्षा वेगळा निघाला. जवळजवळ प्रत्येक मोजमाप वंचनाच्या प्रयोगांत अपेक्षित असतं त्याच दिशेने झुकलं होतं. बटण आणि ट्रे यांनी जे सुचवलं ते या तरुणांच्या कामगिरीत उतरलं. ते ढोंग करत होते असं मानण्याचं कारण नाही. ट्रे आणि सही पाहून माणसाला खरोखरच अस्वस्थ वाटू शकतं. मात्र ती अस्वस्थता वंचनाची नव्हती, आणि प्रश्न वंचनाचा होता.

आता आपल्या चित्रफितीकडे परत येऊ. मॅनिप्युलेशन चेकची अडचण अशी, की उत्तर मिळवण्यासाठी विचारलेला प्रश्नच या ट्रेसारखं काम करू शकतो. निवडीच्या आधी ‘किती उदास?’ असं विचारलं तर गृहीतकाचा अर्धा भाग आपणच प्रयुक्ताच्या हाती देतो. शिवाय आपल्या भावनेला नाव दिलं की माणूस तिच्यापासून थोडा अलिप्त होतो आणि तिचा पुढच्या निर्णयावरचा जोर बदलू शकतो. प्रश्न निवडीनंतर ठेवला तर सुगावा लागत नाही, पण तोवर पाच मिनिटांच्या चित्रफितीची उदासी ओसरलेली असते. काही जण तर आपल्याच निवडीवरून उत्तर काढतात : मी खात्रीचे पैसे घेतले, म्हणजे मी उदास असणार.

याहून मोठी चूक पुढे, आकडे हाताळताना होते. समजा, चित्रफीत पाहिलेल्या चाळिसांपैकी आठ जणांनी उदासी १ किंवा २ अशी नोंदवली. ‘यांच्यावर परिणामच झाला नाही’ असं म्हणून संशोधक त्यांना वगळतो. वरवर हे रास्त वाटतं. पण दुसऱ्याच्या दुःखाने न हलणारे हे आठ जण गेल्यावर उरलेले बत्तीस हळव्या मनाचे आहेत. माहितीपटाच्या गटात मात्र तसेच न हलणारे लोक अजून बसलेले आहेत, कारण त्यांना ओळखायची तिथे वेळच आली नाही. मागच्या भागात चिठ्ठ्या टाकून मिळवलेली बरोबरी अशी एका फटक्यात गेली. यापुढे जो फरक दिसेल तो उदासीचा की हळवेपणाचा, हे सांगता येणार नाही. म्हणून ज्याला ज्या गटात टाकलं, त्याला त्याच गटात मोजायचं.

मग तपासणी करायची कुठे? डेव्हिड हाऊजर, फीबी एल्सवर्थ आणि रिचर्ड गोन्झालेझ यांनी २०१८ मध्ये या प्रश्नाचा आढावा घेतला. मुख्य प्रयोगात असे प्रश्न सवयीने घालू नयेत, तपासणी आधी वेगळ्या लोकांवर करावी, असा त्यांचा कल आहे. म्हणजे मुख्य प्रयोगात नसलेल्या वेगळ्या विद्यार्थ्यांना दोन्ही चित्रफिती दाखवायच्या आणि भावनांच्या दहा-बारा शब्दांवर खुणा करायला सांगायच्या : उदास, चिडलेला, घाबरलेला, थकलेला, कंटाळलेला वगैरे. उदासी वाढली एवढंच पाहून भागत नाही. तिच्याबरोबर संतापही वाढला असेल, तर आपण दोन गोष्टी एकदम बदलल्या आहेत. यादीत उदासी इतर शब्दांमध्ये मिसळल्यामुळे अपेक्षित उत्तर ओळखणंही थोडं अवघड होतं. ओळखण्याची शक्यता पुरती जात नाही, पण तिचा डाग मुख्य प्रयोगातल्या निवडीवर पडत नाही.

उरतो मुख्य प्रयोगातला सुगावा. त्याचा शोध प्रयोग संपल्यावर चाळणीसारख्या प्रश्नांनी घेतात, मोकळ्या प्रश्नाकडून नेमक्या प्रश्नाकडे. ‘प्रयोग कसा वाटला?’ ‘कशाबद्दल असावा?’ ‘पहिल्या आणि दुसऱ्या भागाचा काही संबंध वाटला का?’ आणि शेवटी, ‘चित्रफितीचा तुमच्या निवडीवर परिणाम व्हावा अशी आमची अपेक्षा आहे, असं कधी वाटलं? नेमकं केव्हा?’ हा शेवटचा ‘केव्हा’ महत्त्वाचा आहे, कारण आत्ता प्रश्न ऐकून सुचलेला अंदाज निवडीच्या वेळी मनात नव्हता. पण इथेही प्रयुक्त चांगला प्रयुक्तच असतो. आपण ओळखलं होतं असं सांगितलं तर आपली उत्तरं फुकट जातील हे त्याला कळतं, आणि संशोधकालाही ती फुकट घालवायची नसतात. दोघंही खोलात जात नाहीत. या परस्परसोयीकडे ऑर्न यांनी तेव्हाच बोट दाखवलं होतं.

म्हणून त्यांनी आणखी एक वाट सुचवली. काही विद्यार्थ्यांना प्रयोगात न घेता सगळी कृती फक्त समजावून सांगायची आणि विचारायचं : तुम्ही तिथे असता तर काय केलं असतं? चित्रफीत न पाहता, केवळ वर्णन ऐकून, त्यांनी ‘मी खात्रीचे पैसे घेतले असते’ असं सांगितलं आणि खऱ्या प्रयोगाचा निकालही तोच आला, तर त्या निकालासाठी उदासी लागतेच असं म्हणता येणार नाही. निकाल खोटा ठरला असं यातून होत नाही. अंदाज बरोबर असू शकतो आणि परिणामही खरा असू शकतो. एवढंच, की या मांडणीने दोन्ही वेगळे होणार नाहीत आणि प्रयोग नव्याने रचायला हवा. उदाहरणार्थ, चित्रफीत आणि पैशांची निवड हे दोन वेगळ्या संशोधकांचे वेगळे अभ्यास म्हणून, वेगवेगळ्या खोल्यांत घ्यायचे. याउलट, वर्णन ऐकणाऱ्यांचा अंदाज एक आणि प्रत्यक्ष प्रयोगातलं वागणं दुसरंच निघालं, तर डिमांड इफेक्टचा संशय बराच कमी होतो.

आज आपण प्रयुक्ताने केलेला अंदाज पाहिला. खोलीत गृहीतक माहीत असलेला आणखी एक माणूस असतो, तो म्हणजे प्रयोगकर्ता. त्याच्या मनातली अपेक्षा प्रयुक्तापर्यंत कशी पोहोचते, ते पुढच्या भागात पाहू.