पॉइंट ग्राहकाला, माहिती दुकानाला

नोव्हेंबर १९९४ मध्ये क्लाइव्ह हंबी आणि एडविना डन हे जोडपं टेस्को या ब्रिटिश सुपरमार्केट कंपनीच्या संचालक मंडळापुढे आपले निष्कर्ष मांडायला आलं. हंबी पेशाने गणिती. दोघांनी १९८९ मध्ये डनहंबी नावाची छोटी कंपनी काढली होती. टेस्कोने आपल्या मोजक्या दुकानांत ग्राहकांना कार्ड देऊन बघितलं होतं आणि त्या कार्डांवर जमा झालेली बिलं वाचायचं काम या दोघांकडे होतं. त्यांचं बोलून झाल्यावर बैठकीत शांतता पसरली. मग अध्यक्ष इयन मॅकलॉरिन बोलले. तीस वर्षांत आपल्याला गिऱ्हाइकांबद्दल जेवढं कळलं नाही तेवढं तुम्हाला तीन महिन्यांत कळलं आहे, आणि याचीच मला धास्ती वाटते, असा त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ होता.

१३ फेब्रुवारी १९९५ रोजी क्लबकार्ड देशभर सुरू झालं. शंभर पौंडांच्या खरेदीवर साधारण एक पौंड परत, एवढीच त्याची लालूच होती. त्याच वर्षी टेस्कोने सेन्सबरीज या जुन्या प्रतिस्पर्ध्याला मागे टाकून ब्रिटनमधल्या किराणा बाजारात पहिला क्रमांक मिळवला. सगळं श्रेय कार्डाला देणं भाबडेपणाचं होईल, कारण टेस्को तेव्हा नवी दुकानं उघडत होती आणि मालाच्या दर्जाकडेही लक्ष देत होती. पण स्पर्धकांची झोप उडवली ती कार्डानेच.

सुरुवातीला मात्र त्यांनी नाकं मुरडली. सेन्सबरीजचे डेव्हिड सेन्सबरी यांनी क्लबकार्डाची संभावना ‘इलेक्ट्रॉनिक ग्रीन शील्ड स्टॅम्प’ अशी केली. टोमणा नेमका होता. टेस्को १९६३ पासून खरेदीवर ग्रीन शील्डची तिकिटं देत असे. गृहिणी ती वहीत चिकटवायच्या आणि वही भरली की बदल्यात वस्तू घ्यायच्या. ही योजना महागात पडते म्हणून टेस्कोने १९७७ मध्ये ती बंद केली होती. मग तीच चूक पुन्हा कशाला, असा सेन्सबरींचा सवाल. पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, सेन्सबरीजनेही स्वतःचं कार्ड बाजारात आणलं.

तिकीट आणि कार्ड यांतला फरक त्यांना उशिरा उमगला. तिकिटाला तोंड नसतं. ते कोणी घेतलं, काय घेऊन घेतलं, हे दुकानाला कधीच कळत नाही. गल्ल्यावरच्या बारकोड यंत्रालाही दिवसभरात साबणाच्या किती वड्या गेल्या एवढंच माहीत असतं. त्या वीस घरांत एकेक गेल्या की एकाच घरात वीस, हे ते सांगू शकत नाही. कार्डाचा क्रमांक बिलाला जोडला की बिलांना धागा मिळतो. मंगळवारचं दूध, शनिवारची भाजी आणि महिन्याचा मोठा बाजार हे सगळं एकाच घराचं आहे, हे दिसू लागतं. मार्केटिंगवाले ज्याला सीआरएम म्हणजे ग्राहक-संबंध व्यवस्थापन म्हणतात, त्याची सुरुवात इथे होते: प्रत्येक ग्राहकाची खरेदी, तक्रारी आणि पसंती एका खात्यात जमवायच्या आणि त्यावरून पुढे त्याच्याशी कसं वागायचं ते ठरवायचं. पॉइंट हे त्या माहितीचं भाडं.

आपल्याकडचा वाणी हे काम उधारीच्या वहीवर आणि आठवणीवर करतो. जोशीकाकूंना कोणता तांदूळ लागतो, कोणाचा पगार सात तारखेला होतो, हे त्याला पाठ असतं. दोनशे घरांपर्यंत ते जमतं, वीस लाख घरांना जमत नाही. क्लबकार्डाच्या सुरुवातीला संगणकालाही ते झेपत नव्हतं. सगळी बिलं तपासण्याइतकी ताकद नव्हती, म्हणून डनहंबीने नमुन्यादाखल दहा टक्केच माहिती वापरली आणि तेवढ्यावरही भागलं.

या खात्याचं काय करायचं? सगळ्यांत जुनी आणि अजूनही उपयोगी रीत तीन प्रश्नांची आहे. शेवटची खरेदी कधी केली? किती वेळा येतो? किती रुपयांची करतो? प्रश्न सोपे आहेत, पण ते एकत्र वाचावे लागतात. समजा, दोन ग्राहक दुकानात येऊन पंचवीस दिवस झाले आहेत. पहिला एरवी दर आठ दिवसांनी येतो, दुसरा चाळीस दिवसांनी. दुसऱ्याची काळजी करायचं कारण नाही, तो आपल्या वेळेला येईल. पहिला मात्र बहुधा दुसऱ्या दुकानाकडे वळला आहे. सवलतीचं कूपन पाठवायचं तर पहिल्याला, आणि तेही आजच. दोघांना सरसकट ‘आम्हाला तुमची आठवण येते’ असा संदेश धाडणाऱ्या दुकानाकडे माहिती असूनही नसल्यासारखीच.

टेस्कोने खरेदीचा अर्थही लावला. घरात पहिल्यांदा लहान मुलाची लंगोटं म्हणजे डायपर जाऊ लागली की त्या घराला ओल्या पुसण्यांची, खेळण्यांची आणि चक्क बिअरची कूपनं जात. नवा बाप पबमध्ये जाऊ शकत नाही, तो घरीच बिअर आणून पितो, हे बिलांवरून कळलं होतं.

त्याहून शिकण्यासारखा प्रसंग भाव कमी करण्याचा. १९९९ मध्ये अमेरिकेच्या वॉलमार्टने ब्रिटनमधली अ‍ॅस्डा ही स्वस्त मालाची साखळी विकत घेतली. टेस्कोला भावाने उत्तर द्यायचं होतं, पण भाव पाडायचे कशाचे? पहिला विचार केळ्यांचा झाला. परंतु केळी सगळेच घेतात, श्रीमंतही आणि काटकसर करणारेही. जे कुठेच जाणार नव्हते त्यांनाही सवलत देऊन पैसा वाया गेला असता. म्हणून कार्डाच्या नोंदींतून भावाकडे बघून खरेदी करणारी घरं वेगळी काढली आणि मुख्यतः त्यांच्याच पिशवीत काय असतं ते पाहिलं. टेस्कोच्या स्वस्त ‘व्हॅल्यू’ मालिकेतलं मार्गारिन त्यांत सापडलं. भाव त्याचे उतरवले. वॉलमार्टकडे जाऊ शकणाऱ्या ग्राहकापर्यंत सवलत बरोबर पोचली. पॉइंटांचा या निर्णयाशी काही संबंध नव्हता, कामी आली ती माहिती.

आता खर्चाचा हिशेब. एखादं कुटुंब महिन्याला आठ हजारांचा किराणा घेतं आणि दुकान एक टक्का परत देतं, असं धरू. म्हणजे ऐंशी रुपये गेले. दुकानाला शंभरामागे सोळा रुपये सुटत असतील तर हे ऐंशी रुपये भरून निघायला त्या घराने जवळजवळ ५३३ रुपयांची जास्तीची खरेदी करायला हवी, कारण वाढीव खरेदीवरही एक टक्का द्यावाच लागतो. कुटुंब पूर्वीइतकंच घेत राहिलं तर कार्ड म्हणजे निव्वळ सूट.

खरेदी वाढली की नाही, हे ओळखण्यातच बहुतेक दुकानं फसतात. ‘आमचे कार्डधारक इतरांपेक्षा दुप्पट खरेदी करतात’ हे वाक्य प्रत्येक सादरीकरणात असतं. त्यातून सिद्ध काहीच होत नाही. जो मुळात जास्त खरेदी करतो तोच आधी कार्ड घेतो. खरी परीक्षा अशी: कूपन पाठवताना काही ग्राहक चिठ्ठ्या टाकून बाजूला ठेवायचे आणि त्यांना ते पाठवायचंच नाही. समजा, दहा हजारांपैकी नऊ हजारांना पन्नास रुपयांचं कूपन गेलं आणि १,०८० जणांनी ते वापरून वस्तू घेतली. बारा टक्के म्हणजे टाळ्या! पण कूपन न मिळालेल्या एक हजारांतल्या शंभर जणांनी, म्हणजे दहा टक्क्यांनी, तीच वस्तू पूर्ण किमतीत घेतली. याचा अर्थ कूपनवाल्यांपैकीही ९०० जण एरवी आलेच असते. कूपनामुळे आले १८०, आणि सूट दिली गेली ५४ हजारांची. एका जास्तीच्या खरेदीमागे तीनशे रुपये पडले. वस्तूवर तेवढा नफा नसेल तर टाळ्या आवरत्या घ्याव्यात.

हे गणित न जमल्याने कार्ड सोडणारेही झाले. ब्रिटनच्याच सेफवे साखळीने १९९५ मध्ये आणलेलं कार्ड २००० मध्ये बंद केलं आणि तो पैसा भाव उतरवण्याकडे वळवला. आपल्याकडे २००२ मध्ये पवईत पहिलं दुकान उघडणारी डीमार्ट पॉइंटांच्या भानगडीत पडली नाही. रोजच भाव कमी ठेवायचा, हीच तिची योजना. याउलट शॉपर्स स्टॉप. १९९१ मध्ये अंधेरीत सुरू झालेल्या या कपड्यांच्या दुकानाने १९९४ मध्येच, म्हणजे क्लबकार्डाच्या आधी, ‘फर्स्ट सिटिझन’ योजना आणली आणि ती टिकली. यात विरोधाभास नाही. जास्त नफ्याच्या, आवडीनिवडीच्या मालात ग्राहक ओळखण्याचा फायदा मोठा असतो. डाळ-तांदळाच्या पातळ नफ्यात एक टक्काही जड जातो.

टेस्कोच्या कार्डाचं रूपही बदललं आहे. २०२० पासून तिथे ‘क्लबकार्ड प्राइस’ आली: एकाच मांडणीवर दोन भाव, कार्ड असेल तर कमी, नसेल तर जास्त. लोकांना शंका आली की आधी भाव फुगवून मग कमी केल्याचं दाखवतात. ब्रिटनच्या स्पर्धा प्राधिकरणाने वेगवेगळ्या सुपरमार्केटमधल्या सुमारे ५० हजार वस्तूंचे असे भाव तपासले. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांनी सांगितलं की ९२ टक्के वस्तूंवर नेहमीच्या भावापेक्षा खरी बचत होती. तरीही कार्डाचा भाव हाच बाजारातला सगळ्यांत कमी भाव असेल असं नाही, असंही त्यांनी बजावलं. पूर्वी माहिती देणाऱ्याला बक्षीस होतं, आता न देणाऱ्याला जास्त भाव पडतो. हा बदल लहान नाही.

भारतात कार्डाची जागा मोबाइल क्रमांकाने घेतली आहे. बिल करण्याआधी मॉलमधल्या काउंटरवर तो विचारला जातो आणि रांगेत मागे माणसं उभी असल्याने आपण तो सांगून टाकतो. त्या दहा अंकांनी आपली बिलं एकमेकांना जोडली जातात. पॉइंट मिळणार असतील आणि सौदा पटत असेल तर खुशाल द्यावा. पण तो देणं ऐच्छिक आहे. क्रमांक दिल्याशिवाय माल विकणार नाही, असं म्हणणं ही ग्राहक संरक्षण कायद्याखालची अनुचित व्यापारी प्रथा असल्याचं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये स्पष्ट केलं. कोणी अडवलं तर तक्रार करायला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तिचा क्रमांक १९१५.