आगीची तिजोरी पुरात टिकते का?

22 जुलै 2023 ला महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुराने वेढलं. पंचेचाळीस माणसं अडकली आणि हवाई दलाची हेलिकॉप्टर बोलवावी लागली. अशा वेळी माणसं जीव घेऊन निघतात, कागद मात्र आलमारीतच राहतात.

गैरसमज: जाड पत्र्याच्या आलमारीत कागद जळत नाहीत.

पत्रा चोर अडवतो, उष्णता अडवत नाही. साधारण 177 अंशांपुढे कागद करपू लागतो. अग्निरोधक तिजोरीच्या दुहेरी भिंतींत जिप्सम किंवा काँक्रीटसारखा भराव असतो. त्यात धरून ठेवलेलं पाणी तापून वाफ होतं आणि तेवढी उष्णता शोषून घेतं. म्हणून एक तासाच्या चाचणीत बाहेर 900 अंशांवर तापमान गेलं, तरी आतला कागद वाचतो. विकत घेताना चाचणीचं लेबल बघा. त्यावर किती मिनिटं आणि आत किती तापमान, हे दोन्ही हवं. नुसतं ‘फायरप्रूफ’ लिहिलेलं पुरेसं नाही. आग विझल्यावर तिजोरी पूर्ण थंड होईपर्यंत उघडू नका. आत हवा शिरताच तापलेले कागद पेट घेऊ शकतात.

गैरसमज: मग पेनड्राइव्ह आणि दागिनेही त्यातच सुरक्षित.

डिजिटल साधनांसाठीच्या तिजोरीची मर्यादा 52 अंश आहे. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच 45 अंश असतात! कागदाच्या तिजोरीत कागद वाचेल, हार्ड डिस्क वाचेलच असं नाही. शिवाय ती वाफ आतही येते, म्हणून कागद झिप लावलेल्या पिशवीत ठेवा. पुराचं पाणी अडवायला दाराला वेगळं सील लागतं. आगीची चाचणी त्याची हमी देत नाही. ही तिजोरी जमिनीवर ठेवणं म्हणूनच चूक. सोनं 1064 अंशांना वितळतं, पण बोरमाळेतली लाख आणि मोती त्याच्या कितीतरी आधी जातात.

गैरसमज: बँकेच्या लॉकरमध्ये काही झालं तर बँक भरपाई देते.

रिझर्व्ह बँकेच्या 2022 पासूनच्या नियमांनुसार आग, चोरी किंवा बँकेच्या चुकीमुळे नुकसान झालं, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंतच. भाडं 2,000 रुपये असेल तर 2 लाख, मग आत दहा लाखांचं सोनं असो. पुरासारख्या नैसर्गिक आपत्तीत, बँकेचा निष्काळजीपणा नसेल, तर तेवढीही नाही. दागिन्यांचा वेगळा विमा आणि फोटो-पावत्या हव्यातच.

गैरसमज: मोबाइलमध्ये फोटो आहेत, झालं.

मोबाइल घरातच असेल तर ती दुसरी जागा नव्हे. एक प्रत क्लाउडवर आणि एक हार्ड डिस्क नागपूर-अमरावतीच्या नातेवाइकाकडे ठेवा. त्याच गावातल्या भावाकडे नको, पूर दोघांकडेही शिरेल. डिजीलॉकरमध्ये सरकारी खात्याने ‘जारी’ केलेलं कागदपत्र मुळाइतकंच ग्राह्य असतं. आपण स्कॅन करून चढवलेलं नाही.

सातबारा पुन्हा काढता येतो, खरेदीखताची प्रमाणित नक्कल दुय्यम निबंधकाकडे मिळते. पण आजोबांच्या शाळेच्या दाखल्यासारखे जात पडताळणीचे जुने पुरावे पुन्हा मिळतीलच असं नाही. पावसाळ्याआधी पहिली प्रत त्यांचीच काढा.