पानं वाढली, निरोप गळाले

नाशिककडच्या द्राक्षबागेत ऑक्टोबरच्या छाटणीनंतर लावलेला लोरा नोड सुरुवातीला ठणठणीत चालतो. मातीतला ओलावा, तापमान, हवेतली आर्द्रता असं सगळं जेमतेम 20 बाइटांत बसवून तो 865 ते 868 मेगाहर्ट्झच्या विनापरवाना पट्ट्यातून गेटवेकडे धाडतो.

मांडव पानांनी भरला की मात्र निरोप गळू लागतात. ओली पानं रेडिओलहरी शोषतात. गेटवेच्या नोंदीत SNR घसरतो, निरोपांचे अनुक्रमांक मधूनच गायब होतात.

स्प्रेडिंग फॅक्टर 7 वरून 12 वर नेला, तर क्षीण सिग्नलही वाचता येतो. पण साधारण 57 मिलिसेकंदांत जाणारा निरोप सव्वा सेकंदाहून जास्त वेळ घेतो. बॅटरी लवकर उतरते, इतर नोडांच्या निरोपांशी टक्करही वाढते. म्हणून आधी अँटेना बांबूवर चढवून मांडवाच्या वर काढून पाहावा.